रेझ्युमे दिला, पुढे तो जातो कुठे? प्लेसमेंट कन्सल्टन्सीची दोन दारं आणि मधलं कुलूप

काही वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत रिक्रूटर होते. एका सोमवारी सकाळी चाकणहून फोन आला. आवाज दबका होता. “मॅडम, माझा रेझ्युमे माझ्याच प्लँट हेडच्या टेबलावर पडलाय. कसा काय?”

मी यादी उघडून बघितली. आम्ही त्याचा रेझ्युमे रांजणगावच्या एका कंपनीला पाठवला होता. नाव वेगळं, पत्ता वेगळा, उत्पादनही वेगळं. पण ती कंपनी आणि त्याची कंपनी एकाच समूहातल्या होत्या आणि दोन्हीकडची भरती एकच एचआर प्रमुख बघत होते. त्यांनी रेझ्युमे उघडला, आपल्याच माणसाचं नाव वाचलं आणि प्लँट हेडला कळवलं. नोकरी गेली नाही, पण त्या वर्षी ठरलेली बढती थांबली. पाठवण्याआधी आम्ही त्याला विचारलंच नव्हतं. त्याला काय उत्तर द्यावं हे मला त्या दिवशी कळलं नाही.

हे सगळं आत्ता लिहायला कारण आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. नियमांमधल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू व्हायच्या आहेत. त्यामुळे कन्सल्टन्सीच्या साइटवर रेझ्युमे टाकताना संमतीच्या चौकटी आणि लांबलचक सूचना दिसू लागल्या आहेत. लोक न वाचता टिक करतात. त्या टिकमागे काय चालतं ते समजून घेऊ.

## कन्सल्टन्सी म्हणजे नेमकं कोण?

नोकऱ्यांचं पोर्टल वेगळं आणि कन्सल्टन्सी वेगळी. पोर्टल बाजारासारखं असतं. तुम्ही रेझ्युमे मांडता, पैसे भरलेल्या कंपन्या येऊन शोधतात. कन्सल्टन्सी मात्र मध्यस्थ असते. कंपनी तिला सांगते, “असा असा माणूस हवा.” मग ती माणूस शोधते, त्याच्याशी बोलते आणि दोघांची गाठ घालून देते.

आपल्याकडचं वधू-वर सूचक मंडळ डोळ्यांसमोर आणा. मंडळाकडे दोन्ही बाजूंची माहिती असते, पण चांगल्या मंडळात पहिल्याच फेरीत मुलीचा पत्ता आणि फोन नंबर कुणाच्या हातात पडत नाही. आधी शिक्षण, गाव, अपेक्षा कळतात. दोन्हीकडून होकार आला की मग फोन. कन्सल्टन्सीचं कामही याच क्रमाने चालायला हवं.

मंडळात साधारणपणे दोन्ही बाजू फी भरतात. भारतातल्या नोकऱ्यांसाठी काम करणारी सरळ मार्गाची कन्सल्टन्सी मात्र फक्त कंपनीकडून पैसे घेते. सर्रास चालणारा दर आहे वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. नऊ लाखांच्या पॅकेजवर माणूस रुजू झाला तर कन्सल्टन्सीला साधारण 75 हजार मिळतात, त्यावर 18 टक्के जीएसटी. ही रक्कम माणूस रुजू झाल्यावरच मिळते आणि तो दोन-तीन महिन्यांत सोडून गेला तर बहुतेक करारांनुसार बदली माणूस फुकट द्यावा लागतो.

परदेशी नोकऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे 1983 च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतात. नोंदणी आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर बघता येतं. देशातल्या नोकरीसाठी “रजिस्ट्रेशन फी” किंवा “लॅपटॉप डिपॉझिट” मागणारा मात्र बहुतेक वेळा फसवणारा असतो. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा.

पैसे कंपनी देते, माहिती उमेदवार देतो. पुढचे सगळे घोळ या विषमतेतून सुरू होतात.

## एकाच साइटला दोन दारं कशाला?

चांगल्या कन्सल्टन्सीच्या साइटवर आल्याआल्या दोन वाटा दिसतात: “मला माणसं हवीत” आणि “मला नोकरी हवी”. वरवर पाहता ही सोय वाटते. खरं काम मागे असतं. दोन्ही वाटांची खाती वेगळी, कप्पे वेगळे, आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूचं काय दिसेल हे आधी ठरलेलं.

कंपनीच्या दारात आधी तपासणी हवी. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का, जीएसटी क्रमांक त्याच नावाचा आहे का, विचारणारा माणूस खरंच तिथे काम करतो का. ही तपासणी नसेल तर कुणीही “एचआर मॅनेजर” म्हणून खातं उघडतो, शे-दोनशे रेझ्युमे उतरवून घेतो आणि आठवड्याभरात त्या नंबरांवर “तुमची निवड झाली आहे” असे फोन सुरू होतात. फसवणाऱ्याला रेझ्युमेइतकं सोयीचं काही नाही. नाव, नंबर, शिक्षण, आत्ताची नोकरी आणि गरज, सगळं एका कागदावर मिळतं.

कंपनीलाही गुप्तता लागते हे आपण विसरतो. खुर्चीवर माणूस बसलेला असताना त्याच्या जागी दुसरा शोधायचा असतो. अशा वेळी जाहिरातीत कंपनीचं नाव नसतं. दुसऱ्या बाजूच्या दाराने ते नाव कळलं तर खुर्चीवरच्या माणसाला बातमी बाहेरून समजते.

उमेदवाराच्या दारात पहिल्या टप्प्यावर किती विचारावं? काम, अनुभव, कौशल्यं, शहर, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड आणि संपर्क. बास. आपल्या बायोडाटाला लग्नाच्या बायोडाटाची सवय लागली आहे. त्यात वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, पूर्ण पत्ता, जन्मतारीख, खाली सही आणि “वरील माहिती सत्य आहे” असतं. क्वालिटी इंजिनिअरची निवड करायला यातलं काहीही लागत नाही. जन्मतारीख, पत्ता आणि सहीचा नमुना एकत्र मिळाले तर दुसऱ्या कुणाला तुमच्या नावाने अर्ज करणं मात्र सोपं जातं. आधार, पॅन आणि सॅलरी स्लिप ऑफरच्या टप्प्यावर मागितल्या तर समजू शकतो, पहिल्या दिवशी नाही. आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

खराब साइट कशी ओळखाल? दोन्ही दारं दिसतात, पण दोन्हीकडचे फॉर्म एकाच मेलबॉक्सात जाऊन पडतात आणि तो मेलबॉक्स ऑफिसातले सगळे उघडतात. आमच्याकडे तसंच होतं. वर एक सामायिक एक्सेल शीट, त्यात तीन हजार नावं. नोकरी सोडून गेलेल्या रिक्रूटरच्या लॅपटॉपवरही तिची प्रत राहायची.

## नाव झाकलं की झालं?

दोन दारांच्या मधल्या कुलपाचं नाव आहे मास्क्ड प्रोफाइल, म्हणजे ओळख झाकलेला रेझ्युमे. कंपनीला आधी हा दिसतो. उमेदवाराचा होकार आल्यावरच पूर्ण रेझ्युमे उघडतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक क्वालिटी इंजिनिअर आहे. चाकणला अॅल्युमिनिअम डाय कास्टिंगच्या कंपनीत सहा वर्षं, जर्मन भाषेची बी2 परीक्षा पास, जर्मन ग्राहकांची ऑडिट सांभाळते. रिक्रूटरने तिचं नाव, फोन, मेल आणि कंपनीचं नाव काढलं आणि लिहिलं: “चाकणस्थित डाय कास्टिंग कंपनीत क्वालिटी इंजिनिअर, सहा वर्षं, जर्मन बी2.”

नाव गेलं, पण ओळख गेली नाही. चाकणच्या डाय कास्टिंग वर्तुळात एकमेकांना सगळे ओळखतात आणि जर्मन येणारी क्वालिटीतली मुलगी म्हटलं की दोन मिनिटांत नाव ओठावर येतं. एकेक गोष्ट निरुपद्रवी असते, तिन्ही एकत्र आल्या की बोट एकाच माणसाकडे जातं. म्हणून झाकणं म्हणजे खोडणं नव्हे, धूसर करणं. “पुणे विभाग, वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, क्वालिटीत पाच ते आठ वर्षं, युरोपीय ग्राहकांच्या ऑडिटचा अनुभव.” कंपनीला ठरवायला एवढं पुरतं. जर्मनचं काय? ते तिच्या होकारानंतर, ज्या कंपनीला खरंच जर्मन हवं आहे तिलाच.

दुसरी चूक फाइलमध्ये लपलेली असते. पीडीएफवर नावाच्या जागी काळी पट्टी ओढतात. पट्टीखालचा मजकूर तसाच असतो. तो निवडून कॉपी केला आणि दुसरीकडे पेस्ट केला की नाव बाहेर. वर्डच्या फाइलमध्ये लेखकाचं नाव गुणधर्मांत राहतं आणि फाइलच्या नावातच पूर्ण नाव असतं ते वेगळंच. स्वतः झाकायचं असेल तर वर्डमध्ये मजकूर खरोखर पुसा, मग `File > Info > Check for Issues > Inspect Document` वापरून मागची माहिती काढा आणि नव्या नावाने पीडीएफ करा. मग तीच पीडीएफ उघडून आपलं आडनाव शोधून बघा. सापडलं तर काम अर्धवट आहे.

## न विचारता पुढे का पाठवतात?

लोक म्हणतात रिक्रूटर निष्काळजी असतात. काही असतातही, पण मुळातलं कारण वेगळं आहे.

एकाच जागेसाठी कंपनी चार-पाच कन्सल्टन्सींना सांगते. तोच उमेदवार दोघींकडून आला तर फी कुणाला द्यायची? बहुतेक करारांत उत्तर असतं: ज्याचा मेल आधी आला त्याला. पुढे काही महिने, बहुतेकदा सहा महिने ते वर्षभर, तो उमेदवार त्या कंपनीपुरता त्याच कन्सल्टन्सीच्या नावावर राहतो. यालाच धंद्यात ओनरशिप म्हणतात. म्हणजे सकाळी दहाला जेडी, म्हणजे हव्या असलेल्या पदाचं वर्णन, आला की दुपारपर्यंत रेझ्युमे पाठवण्याची शर्यत लागते. फोन करून विचारत बसलो आणि उमेदवार मीटिंगमध्ये असेल तर 75 हजार दुसरीकडे. मी स्वतः या घाईत काम केलं आहे. चाकणचा तो रेझ्युमे असाच गेला होता.

यात उमेदवाराचं नुकसान दुहेरी होतं. गुप्तता जातेच. शिवाय एकच रेझ्युमे दोघांकडून आला की काही कंपन्या वाद नको म्हणून उमेदवारालाच बाजूला ठेवतात आणि त्याला याचा पत्ताही लागत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक कंपनीसाठी वेगळा होकार, तोही लेखी. रिक्रूटर मेल करतो: “अमुक कंपनी, अमुक पद, अमुक पगार. तुमचा रेझ्युमे पाठवू का?” तुम्ही “हो” लिहिता. तारीख आणि वेळ नोंदली जाते आणि ओनरशिपचा वाद झाला तर हाच मेल पुरावा ठरतो. म्हणजे होकार घेणं कन्सल्टन्सीच्याही फायद्याचं आहे. कंपनीचं नाव सांगायला तयार नसेल तर निदान समूहाचं नाव विचारा.

याच्या जोडीला हवी नकार यादी. फॉर्ममध्ये एक रकाना: माझा रेझ्युमे कुणाला दाखवायचा नाही. त्यात फक्त सध्याची कंपनी लिहून भागत नाही. तिच्या समूहातल्या कंपन्या, जिचं तुम्ही काम बघता तो मुख्य ग्राहक आणि कंत्राटी नेमणूक असेल तर पगार देणारी कंपनीही लिहा. साइट ही यादी आपोआप तपासत असेल तर उत्तमच. नसेल तर रिक्रूटरच्या डोळ्यांवर भिस्त, आणि संध्याकाळी सहाला ते डोळे थकलेले असतात.

## फाइल नेमकी कुठे ठेवली आहे?

हे तपासायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. रेझ्युमे अपलोड करा, मग आपल्या खात्यातून तोच उघडा आणि वरचा पत्ता बघा. असा काही दिसला तर सावध व्हा:

```
https://agency.example/uploads/resumes/1043.pdf
```

हा पत्ता कॉपी करून ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडा. फाइल दिसली तर ती जगातल्या कुणालाही दिसते. वर 1043 हा सरळ अनुक्रमांक आहे, म्हणजे शेजारची फाइल कुठे असेल ते ओळखायला डोकं लागत नाही. अंक बदलून दुसऱ्याची फाइल मात्र उघडू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या माहितीत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसत नाही. आपल्याच फाइलचा स्क्रीनशॉट घेऊन कन्सल्टन्सीला कळवा.

नीट बांधलेल्या साइटवर फाइल अशा उघड्या जागी नसतेच. प्रत्येक वेळी लॉगिन तपासलं जातं, दुवा काही मिनिटांनी बंद होतो, आणि कुणी कधी उघडली याची नोंद राहते. कंपनीला मेलने फाइल पाठवण्याऐवजी तिथेच दाखवतात, पानावर त्या कंपनीचं नाव फिकट अक्षरांत छापलेलं असतं. उद्या ती फिरताना सापडली तर कुठून निघाली ते कळतं.

आणखी एक चाचणी. गूगलवर आपला दहा अंकी नंबर अवतरणचिन्हांत टाकून शोधा:

```
"तुमचा मोबाइल नंबर" filetype:pdf
```

कधी काळी कुठल्या तरी साइटवर टाकलेला जुना रेझ्युमे यातून वर येतो. काही निघालं नाही म्हणजे सगळं सुरक्षित आहे असं नाही. गूगलला दिसलं नाही एवढंच.

## “नाव झाकलं तर मला बोलावणार कोण?”

ही शंका रास्त आहे. नवीन पदवीधराला लपवण्यासारखं फारसं नसतं, त्याने उघड रेझ्युमे द्यावा, फक्त जन्मतारीख, पत्ता, सही गाळून. झाकण्याची गरज नोकरीत असलेल्याला जास्त, आणि जितकं पद वरचं तितकी जास्त. कंपनीच्या बाजूने सांगायचं तर पहिल्या चाळणीला नाव लागत नाही. अनुभव, पगार, नोटीस पिरियड आणि शहर, या चार गोष्टींवर रेझ्युमे राहतो किंवा जातो.

## “माझं सगळं लिंक्डइनवर आहेच की”

लिंक्डइनवर तुम्ही कुठे काम करता ते आहे. तुम्ही सोडायच्या विचारात आहात, किती पगारावर तयार व्हाल आणि किती दिवसांत मोकळे व्हाल, हे तिथे सहसा नसतं. कन्सल्टन्सीकडच्या रेझ्युमेत नेमकं तेच असतं, आणि साहेबांच्या टेबलावर पोहोचलं तर दुखतं तेही तेच.

## “सेवा फुकट आहे, मग हक्क कसला?”

कायद्यात पैसे कोण देतं याचा प्रश्न येत नाही. माहिती तुमची आहे, एवढं पुरतं. नवीन कायद्यानुसार, मे 2027 पासून, संमती ठरावीक कामापुरती हवी आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, कारण आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या 22 भाषांना तो लागू आहे. तुमची माहिती पुढे कुणाकुणाला दिली त्यांची नावं तुम्ही मागू शकता. चुकीची माहिती दुरुस्त करून घेऊ शकता, आणि काम संपल्यावर ती पुसायला सांगू शकता. माहिती फुटली तर कन्सल्टन्सीने तुम्हाला विनाविलंब कळवायचं आहे.

मर्यादाही सांगते. सुरक्षेत कसूर केल्यास 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या हातात नुकसानभरपाई म्हणून येत नाही. आणि पुसणं कन्सल्टन्सीच्या कप्प्यापुरतंच चालतं. कुणी रेझ्युमे व्हॉट्सअॅपवर एचआरला टाकला, त्यांनी तो विभागप्रमुखाला टाकला, की त्या प्रती परत बोलावता येत नाहीत. म्हणून पुसण्याच्या हक्कापेक्षा पाठवण्याआधीच्या होकाराला मी जास्त महत्त्व देते.

पुसून घेण्याला आणखी एक साधं कारण आहे. चार वर्षांपूर्वीचा रेझ्युमे कुठल्या तरी कप्प्यात पडून राहतो, त्यात जुना पगार असतो. नव्या मुलाखतीत तुम्ही एक आकडा सांगता आणि एचआरच्या हातात दुसरा असतो. खोटं कुणीच बोललेलं नसतं, तरी शंका तुमच्यावर. चांगली कन्सल्टन्सी वर्षभराने स्वतःहून विचारते, ठेवायचा की काढायचा.

तुमचा रेझ्युमे कुणाकडे पडून असेल तर आजच असा मेल करता येईल:

“माझा रेझ्युमे मी तुमच्याकडे अमुक तारखेला अमुक पदासाठी दिला होता. तो आजवर कुठल्या कंपन्यांना पाठवला त्यांची नावं आणि तारखा कळवाव्यात. यापुढे माझ्या लेखी होकाराशिवाय कुणालाही पाठवू नये. खालील कंपन्यांना कोणत्याही परिस्थितीत पाठवू नये. जुनी प्रत काढून सोबतची प्रत ठेवावी, आणि तसं केल्याचं उत्तर द्यावं.”

नीट चालणाऱ्या कन्सल्टन्सीकडून याचं उत्तर दोन-तीन दिवसांत, नावांसह येतं. “सर, आम्ही कुणालाच पाठवला नाही” असं तासाभरात आलं, तर पाठवल्याची नोंद आहे का ते विचारा. चाकणच्या त्या फोननंतर आम्ही आमची नोंद तपासली होती. त्याचा रेझ्युमे एकाला नाही, पाच कंपन्यांना गेला होता.